तारे वजा करण्याला माझा विरोध होता

आकाशाच्या फोटोतून तारे काढून टाकणं ही लबाडी आहे, असं मी बरीच वर्षं म्हणत होतो आणि ते म्हणताना माझा आवाज जरा चढायचाच. तेजोमेघाचा फोटो घ्यायचा, मग संगणकावर त्यातले झाडून सगळे तारे पुसायचे आणि उरलेला ढग ‘स्टारलेस’ म्हणून मिरवायचा, हे काही मला पटत नव्हतं. मी भोसरीच्या एका कारखान्यात क्वालिटीत काम करतो. माप घ्यायचं आणि आलेलं माप जसंच्या तसं लिहायचं, हा माझा धंदा. नकोसं रीडिंग खोडायचं नाही, हे तिथे पहिल्याच दिवशी शिकवतात. कॅमेऱ्यापर्यंत पोचलेला तारा हेही एक रीडिंगच; ते खोडणारे आपण कोण, असा माझा हिशोब होता.

आज मी स्वतः तारे वजा करतो. मत का बदललं ते सांगतोच, पण ते कुठपर्यंत बदललं आणि कुठे अडून राहिलं, हेही सांगायला हवं.

चिंचवडच्या गच्चीवरून तेजोमेघ टिपायचा म्हणजे काय, ते आधी सांगतो. एका बाजूला निगडी-आकुर्डीचे टॉवर, दुसरीकडे एमआयडीसीचे फ्लडलाइट आणि मधून हायवे. आकाशाचा काळोख मोजायची जॉन बॉर्टल यांची नऊ पायऱ्यांची पट्टी आहे. तिच्यावर आमचं आकाश आठव्या-नवव्या पायरीचं, म्हणजे जवळजवळ शेवटचं. अशा आकाशात साधा कॅमेरा फक्त राखाडी धुरळा टिपतो. त्यावर उपाय म्हणजे ड्युअल नॅरोबँड फिल्टर. तेजोमेघातला हायड्रोजन ६५६.३ नॅनोमीटरला लाल प्रकाश देतो आणि दुहेरी आयनीभूत ऑक्सिजन ५००.७ नॅनोमीटरला निळा-हिरवा. फिल्टर या दोन रेषांभोवतीच्या अरुंद पट्ट्यांतून येईल तेवढाच प्रकाश आत सोडतो. रस्त्यावरच्या एलईडीचा बहुतांश उजेड बाहेरच अडतो.

माझं आवडतं लक्ष्य रोझेट तेजोमेघ. मृगातला काक्षी आणि लघुलुब्धकातला प्रश्वा यांना जोडणारी रेषा मनात ओढा. काक्षीपासून साधारण एक तृतीयांश अंतरावर, रेषेच्या किंचित दक्षिणेला, शृंगाश्वात हा तेजोमेघ आहे. जानेवारीच्या मध्यात रात्री साडेअकराच्या सुमारास तो आमच्या डोक्यावर, ७६ अंशांवर येतो. तिथे हवेचा थर सगळ्यात पातळ असतो आणि टॉवरही आड येत नाहीत. तो सुमारे सव्वा अंश रुंद आहे, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या अडीचपट. ८० मिलिमीटरच्या माझ्या दुर्बिणीच्या चौकटीत तो सुखाने मावतो. मध्ये पोकळी, त्या पोकळीत NGC 2244 हा तारकागुच्छ आणि भोवती वायूचं कडं, अशी त्याची रचना.

अडचण प्रकाशाच्या प्रमाणाची आहे. पाच-पाच मिनिटांच्या फ्रेम एकावर एक रचून सरासरी काढली, की शून्य ते एकच्या मोजपट्टीवर चित्र साधारण असं दिसतं: आकाशाची पार्श्वभूमी ०.०१० आणि तिच्यावर तेजोमेघाची भर ०.००१ ते ०.००३. ठळक ताऱ्याचा मध्य मात्र थेट १, म्हणजे भरून वाहिलेला. पडद्यावर तेजोमेघ दिसायचा तर त्या हजाराव्या भागाला वर खेचावं लागतं. यालाच आम्ही स्ट्रेच म्हणतो. मात्र तीच खेच ताऱ्यांनाही बसते. त्यांच्या कडेचा जो अंधूक पसारा एरवी नजरेत भरत नाही, तोही वर येतो आणि प्रत्येक तारा फुगतो. शृंगाश्वातून आकाशगंगेचा पट्टा जातो, तारे तिथे दाट आहेत. पुरेसा स्ट्रेच दिला की कडं मीठ सांडल्यासारखं पांढऱ्या ठिपक्यांनी भरून जातं आणि वायूचे पदर त्याखाली हरवतात.

तारे काढणाऱ्यांना मी नावं ठेवत होतो, तेव्हा मी स्वतः मास्क वापरत होतो. मास्क म्हणजे ताऱ्यांचा साचा: जिथे तारा तिथे पांढरं, बाकी सगळं काळं. तो उलटा करून लावला की तारे झाकले जातात आणि स्ट्रेच फक्त ढगाला बसतो. सुलटा लावला की उलट होतं, ढग सुरक्षित राहतो आणि तारे आक्रसून घेता येतात. या आक्रसण्याला मॉर्फॉलॉजिकल इरोजन म्हणतात. त्यात प्रत्येक बिंदूच्या जागी त्याच्या शेजाऱ्यांतला सर्वांत अंधूक आकडा बसतो आणि ताऱ्याची कड आत सरकते. मला हे सभ्य वाटायचं. तारा काढला तर नाही, थोडा आवरला इतकंच.

खरी गोम मास्कच्या मापात असते. मास्क ताऱ्यापेक्षा जरा लहान पडला, तर ताऱ्याची बाहेरची कड झाकली जात नाही, ती ढगाबरोबर स्ट्रेच होते आणि ताऱ्याभोवती उजळ कडी उमटते. मोठा पडला, तर आजूबाजूचा ढग स्ट्रेचमधून सुटतो आणि काळं वर्तुळ राहतं. एकच माप सगळ्यांना चालत नाही, कारण ठळक ताऱ्याचा पसारा अंधूक ताऱ्याच्या कितीतरी पट असतो. म्हणून लहान, मध्यम, मोठ्या ताऱ्यांचे वेगवेगळे मास्क करून ते जोडायचे आणि कडा मऊ करायच्या. रोझेटच्या मध्यावर तर तारे इतके जवळ आहेत, की मास्कचे ठिपके एकमेकांत मिसळून एक मोठा पांढरा डाग होतो. त्या डागाखालचा ढग मी हातही न लावता तसाच ठेवत असे. त्याच्या कडेला बदलणारा पोत निसर्गाने केलेला नव्हता, तो मी केलेला होता.

आमच्या आकाशवेड्यांच्या गटात चाकणच्या एका कारखान्यात काम करणारा एक मुलगा आहे. असाच एकदा वाद चालला असताना त्याने मला विचारलं, “काका, तुम्ही तारा तारा म्हणताय, पण फोटोत जी पांढरी चकती आहे ती ताऱ्याची आहे का?”

मी म्हणालो, “अरे, मग कुणाची?”

“मोजून बघा ना. तुमचंच काम आहे.”

मोजलं. NGC 2244 मधले सर्वांत तप्त तारे, HD 46223 आणि HD 46150, ओ वर्गाचे आहेत. अशा ताऱ्याचा व्यास ढोबळमानाने सूर्याच्या दहापट धरू. अंतर सुमारे ५,००० प्रकाशवर्षं. एवढ्या अंतरावरून त्या ताऱ्याची चकती भरते जेमतेम ०.००००६ विकला. एका अंशात ३,६०० विकला असतात, त्यावरून काय ते समजा. चिंचवडच्या हवेतून त्याच ताऱ्याचा प्रकाश येतो, तेव्हा तो चारेक विकलांवर पसरलेला असतो, आणि पुरता स्ट्रेच केलेल्या माझ्या चित्रात ती चकती २५ विकलांच्या घरात गेलेली होती. खऱ्या ताऱ्याच्या चार लाख पट! मी जपत होतो तो तारा नव्हताच. हवेची थरथर, भिंगाचा पसारा आणि माझा स्ट्रेच, या तिघांनी मिळून केलेली ती चकती होती. ठळक ताऱ्याची चकती मोठी दिसते तीसुद्धा तारा मोठा असतो म्हणून नव्हे. पसारा सगळ्या ताऱ्यांचा एकाच आकाराचा असतो. ठळक ताऱ्याचा पसारा दिसण्याच्या उंबरठ्यावर जास्त दूरपर्यंत टिकतो, एवढंच.

हे कळल्यावर माझ्या कारखान्यातलीच गोष्ट मला नव्याने समजली. सीएमएम यंत्रावर जॉबचं माप घेताना प्रोबच्या टोकाला माणकाचा गोल मणी असतो. यंत्राला कळते ती मण्याच्या केंद्राची जागा, जॉबच्या पृष्ठभागाची नव्हे. मण्याची त्रिज्या वजा केल्याशिवाय ते माप कुणी रिपोर्टवर लिहीत नाही. त्याला कुणी रीडिंग खोडणं म्हणत नाही. उलट वजा केलं नाही तर रिपोर्ट परत येतो. उपकरणाने मापात घातलेली स्वतःची भर काढणं आणि माप खोडणं यांतला फरक मला नोकरीत रोज कळत होता, फक्त गच्चीवर कळला नव्हता.

मग मी रोझेटची जुनीच फ्रेम पुन्हा उघडली. या वेळी क्रम असा ठेवला. आधी पार्श्वभूमीचा असमान उजेड काढला, कारण तो आत राहिला तर पुढचा प्रत्येक टप्पा त्याला ढग समजतो. नंतर चित्र अजून लिनिअर, म्हणजे स्ट्रेच न केलेलं असतानाच तारे वेगळे केले. हा टप्पा महत्त्वाचा आहे. लिनिअर चित्रात प्रकाश सरळ बेरजेने जमा होतो: बिंदूचा आकडा म्हणजे आकाश अधिक ढग अधिक तारा. म्हणून तिथे सरळ वजाबाकी चालते. स्ट्रेच केल्यावर ही बेरीज मोडते.

वेगळं करण्याचं काम न्यूरल नेटवर्क करतं. निकिता मिसियुरा यांचं स्टारनेट आणि रसेल क्रोमन यांचं स्टारएक्सटर्मिनेटर ही दोन साधनं जास्त चालतात. स्टारनेटला स्ट्रेच केलेलं चित्र लागतं, म्हणून सिरिल हे मोफत सॉफ्टवेअर चित्र तात्पुरतं स्ट्रेच करून तारे काढतं आणि मग स्ट्रेच उलटवून पूर्ववत करतं. स्टारएक्सटर्मिनेटर लिनिअर चित्रावरच चालतं. एकूण काम मिनिटांचं.

तारे गेल्यावर ढग हवा तसा स्ट्रेच करता आला, फुगायला काही उरलंच नव्हतं. गुच्छाच्या वायव्येला, पोकळीच्या कडेवर, धुळीचे काळे गोळे आणि सोंडा आतल्या बाजूला रोखलेल्या दिसल्या. त्या माझ्या प्रत्येक जुन्या फोटोत होत्याच, पण तीन-चार ठिपक्यांच्या मधलं काळं म्हणजे धूळ की नुसती मोकळी जागा, हे ठरवता येत नव्हतं. आता सोंडेची ताऱ्यांकडची कड उजळ आणि मागची बाजू पुसट, असा फरक दिसला. मधल्या तप्त ताऱ्यांचा अतिनील प्रकाश तिला समोरून झिजवतो आहे, हे चित्रावरूनच सांगता यायला लागलं.

मात्र तारे नसलेलं चित्र मी दोन दिवस भिंतीवर लावलं तेव्हा ते अर्धवट वाटलं, आणि का वाटलं याचं नेमकं कारण आहे. रोझेटच्या मधली पोकळी त्या गुच्छातल्या ताऱ्यांच्या वाऱ्याने पडली आहे. कडं चमकतं तेही त्यांच्याच अतिनील प्रकाशाने. तारे काढले की भोक राहतं आणि भोक पाडणारा गायब होतो. म्हणून तारे परत घालायचे, पण त्यांच्या स्वतःच्या मापाने. स्ट्रेच झालेल्या चित्रात ती बेरीज स्क्रीन पद्धतीने करतात. पिक्सइनसाइटच्या पिक्सलमॅथमध्ये ती एवढीच आहे:

```
~(~starless * ~stars)
```

इथे `~` म्हणजे एकातून वजा. साधी बेरीज का नको, ते एका बिंदूवर पाहू. ढग ०.६० आणि ताऱ्याचा बिंदू ०.७० असेल, तर साधी बेरीज १.३० येते. ती एकच्या वर जाते, म्हणून तिथे नुसता पांढरा डाग पडतो आणि रंग मरतो. स्क्रीनने उत्तर येतं १ वजा (०.४० × ०.३०), म्हणजे ०.८८. तारा ढगाच्या वर उजळतो, पण एकच्या आत राहतो. तारे स्ट्रेच झालेल्या चित्रातूनच काढले असतील, तर वजाबाकीही याच्याच उलट करायला हवी:

```
~(~original / ~starless)
```

नुसती `original - starless` करून ठेवलेले तारे पुढे स्क्रीनने जोडले, तर ते मूळ चित्रापेक्षा फिके पडतात, आणि बऱ्याच जणांना ते का हेच कळत नाही.

परत घालण्याच्या ताऱ्यांनी मला आणखी एक गोष्ट दाखवली. नॅरोबँड फिल्टरमधून ताऱ्याच्या अखंड वर्णपटातल्या दोनच फटी दिसतात, त्यामुळे ताऱ्यांचे खरे रंग येत नाहीत. म्हणून मी तारे आता वेगळे टिपतो: फिल्टर काढून, तीस-तीस सेकंदांच्या छोट्या फ्रेम. चिंचवडच्या उजेडातही ताऱ्यांना तेवढं पुरतं. हे तारे हलक्या हाताने स्ट्रेच करून रोझेटवर बसवले, तेव्हा गुच्छातला सर्वांत ठळक तारा, 12 Monocerotis, पिवळसर निघाला आणि बाकीचे निळसर-पांढरे. तो पिवळा तारा गुच्छातला नाहीच. आपल्या कितीतरी जवळचा, योगायोगाने त्याच दिशेला आलेला तो राक्षसी तारा आहे. मास्कच्या दिवसांत तोच माझ्या चित्रावर सर्वांत मोठी चकती होऊन बसायचा आणि बघणाऱ्याला वाटायचं, तेजोमेघ यानेच पेटवला असणार. तारे वेगळे केल्यामुळे ताऱ्यांबद्दलचं चित्रही जास्त खरं झालं, हे मला अपेक्षित नव्हतं.

आता जिथे माझी जुनी शंका टिकून आहे, तिकडे येतो. नेटवर्क तारा काढतं तेव्हा त्याखाली काय होतं, हे त्याला माहीत नसतं. शिकताना पाहिलेल्या चित्रांवरून आणि शेजारच्या पोतावरून ते जागा भरतं. अंधूक ताऱ्याखालचे दोन-चार बिंदू भरले तर बिघडत नाही. भरून वाहिलेल्या ताऱ्याखालची अख्खी चकती भरली, तर तिथला वायूचा पदर संगणकाने काढलेला असतो. मण्याची त्रिज्या मोजलेली असते, हा मात्र अंदाज आहे.

खगोलशास्त्रज्ञ तारे वजा करतात, पण मोजून. पीटर स्टेटसन यांच्या १९८७ च्या डॅओफॉट या प्रणालीत आधी चित्रातल्याच सुट्या ताऱ्यांवरून पसाऱ्याचा आकार ठरवतात आणि मग तो प्रत्येक ताऱ्याच्या तेजाप्रमाणे वजा करतात. हायड्रोजनच्या आकाश-सर्वेक्षणांत दुसरी युक्ती असते. चिलीमधून दक्षिण आकाशाचं ‘शासा’ सर्वेक्षण झालं, त्यात हायड्रोजनच्या रेषेवरचं एक चित्र आणि रेषेच्या आजूबाजूच्या प्रकाशाचं दुसरं चित्र घेतलं गेलं. तारा दोन्हींत असतो, तेजोमेघ मुख्यतः पहिल्यात. दुसरं योग्य प्रमाणात वजा केलं की तारे जातात. ठळक ताऱ्यांच्या जागी व्रण उरतात, पण ते व्रण प्रामाणिक असतात. इथे माहिती नाही, हे ते स्वतःच सांगतात. नेटवर्कचं चित्र असा व्रण ठेवत नाही, म्हणून तो आपल्याला शोधावा लागतो.

शोधायचा कसा, तर पहिली गोष्ट, मूळ चित्रातून स्टारलेस वजा करून आलेलं ताऱ्यांचं चित्र जोरात स्ट्रेच करून पाहायचं. त्यात काळ्यावर नुसते तारे दिसायला हवेत. धुराची रेघ किंवा सोंडेची उजळ कड त्यात सापडली, तर नेटवर्कने ढग खाल्ला आहे. छोट्या गोळ्याच्या उजळ काठाला ते तारा समजतं, आणि रोझेटमध्ये ही चूक मी पाहिली आहे. दुसरी, चित्र नव्वद अंशांत फिरवून तारे काढायचे, परत सरळ करायचं आणि आधीच्या स्टारलेसशी ताडून पाहायचं. जिथे दोन उत्तरं जुळत नाहीत, तिथे तो अंदाज होता. जुळली म्हणून खरं ठरतं असं मात्र नाही.

मला फसवी वाटते ती तिसरी, सगळ्यांना सुचणारी चाचणी: फ्रेमचे दोन गट करायचे, वेगवेगळे प्रोसेस करायचे आणि दोन्हींत दिसलं ते खरं मानायचं. नॉइजसाठी ही चाचणी चांगली आहे, कारण नॉइज दर वेळी वेगळा असतो. पण तारा दोन्ही गटांत त्याच जागी असतो. त्याच्याखाली नेटवर्क दोन्ही वेळा जवळपास सारखंच भरणार, आणि खोटा पदर दोनदा दिसून खरा ठरणार. अशा जागेची खातरजमा करायची तर ताऱ्यांच्या चकत्या लहान असलेलं, लांब फोकसच्या मोठ्या दुर्बिणीतून स्थिर हवेत घेतलेलं चित्रच शेजारी ठेवावं लागतं.

म्हणून आज माझे नियम असे आहेत. ढग आणि तारे वेगळे करणं मला मान्य आहे. एकत्र स्ट्रेच करणं हेच जास्त खोटं आहे, असं मी आता म्हणतो. स्टारलेस चित्र मी रचना समजून घ्यायला वापरतो, आणि इतरांना द्यायच्या चित्रात तारे परत घालतो. ठळक ताऱ्याच्या चकतीखाली दिसणाऱ्या कुठल्याही पदराबद्दल मी काही विधान करत नाही, तो कितीही देखणा असला तरी. आणि प्रिंटच्या मागे फिल्टर, एक्सपोजर यांच्याबरोबर तारे कशाने काढले आणि कुठल्या फ्रेममधून परत घातले, तेही लिहितो. चाकणचा तो मुलगा म्हणतो, “काका, एवढं कोण वाचणार?” कारखान्यातले रिपोर्टही फारसं कुणी वाचत नाही, पण वाद झाला की तेच पुढे येतात.